मदत हवी आहे: पाण्याच्या हार्डनेसचं प्रॅक्टिकल वर्गात सांगायचंय, स्लाइडवर काय बोलू?

चाफा_दादर: एस.वाय.ला आहे. सोमवारी पाच मिनिटं मराठीत बोलायचंय. स्लाइड चार: पद्धत, तक्ता, आलेख, निष्कर्ष. नमुना ५० मिली, ईडीटीए ०.०१ मोलर. ब्युरेटचं रीडिंग घरच्या नळाला २.१ मिली, सोसायटीच्या बोअरवेलला १७.५ मिली. तक्ता आला की मी नुसते आकडे वाचत सुटते.

ब्युरेटवाले_काका: असं बोल.
पद्धत: "पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती आहे ते मोजलं. बफर घालून पीएच १० ठेवला, नाहीतर रंग नीट बदलत नाही. लाल छटा पूर्ण जाऊन निळा रंग आला की थांबलो."
तक्ता: "या ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. नमुना ५० मिलीचा, म्हणून लिटरसाठी विसाने गुणलं. नळाचं पाणी ४२, बोअरवेलचं ३५०." इथे थांब. बाकीचे रकाने वाचू नकोस.
आलेख: आधी अक्ष सांग, मग "बोअरवेलचा स्तंभ आठपटीहून उंच आहे. नळाचं पाणी तलावांतून येतं, हे जमिनीखाली खडकांत मुरलेलं. फरक त्यामुळे असावा." 'असावा'च म्हण, कारण ते तू मोजलेलं नाहीस.

सडेतोड: निष्कर्ष ठणकावून सांगा. मर्यादा २००, बोअरवेलचं पाणी पिण्यास अयोग्य!

ब्युरेटवाले_काका: २०० बरोबर, पण अर्धंच. आयएस १०५०० मध्ये २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणून "हार्डनेस स्वीकारार्ह मर्यादेच्या वर, पण ६०० च्या आत आहे" एवढंच म्हणायचं. पिण्यायोग्य की नाही हे एकट्या हार्डनेसवरून ठरत नाही, जंतू तर तपासलेलेच नाहीत.

मालाडची_मावशी: आमच्या टाकीत टीडीएस मीटर ४५० दाखवतो. म्हणजे हार्डनेस ४५० ना? वॉशिंग मशीनमध्ये पांढरा थर बसतो.

ब्युरेटवाले_काका: नाही ताई, त्या मीटरला साधं मीठही धरलं जातं. थर कॅल्शियमचा असू शकतो, पण आकडा टायट्रेशननेच कळेल.
चाफा, एक प्रश्न हमखास येईल: आकडे किती खात्रीचे? ब्युरेट ०.१ मिलीपर्यंत वाचतो. तेवढी चूक म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम. ३५० मध्ये ती जाणवत नाही, ४२ मध्ये मात्र जवळजवळ पाच टक्के होते. "नळासाठी १०० मिली नमुना घेतला असता तर ही चूक निम्मी झाली असती" असं सांग.

चाफा_दादर: हे तक्त्यावरच बोलू की शेवटी?

ब्युरेटवाले_काका: तक्त्यावर. आकडा समोर असतो.

जर्नल_पूर्ण: मी शेवटी ठेवेन. तक्त्यावर गुणाकारही आणि चूकही सांगितली तर मागच्या बाकांवर दोन्ही पोचत नाहीत.