चायकिन ऑसिलेटर: संवेग म्हणायचं की वेग?

कवडसा: शेअर बाजारात वापरल्या जाणाऱ्या मार्क चायकिनच्या या ऑसिलेटरला मराठीत काय म्हणावं? 'संचय-वितरण रेषेचा संवेग दर्शवणारा दोलक' असं भाषांतर वाचलं. 'वितरण' म्हटलं की मला रेशनचं दुकान दिसतं.

तांबडीमाती: बाजारात सरळ 'माल गोळा करणं' आणि 'माल सोडणं' म्हणतात. अर्थही सोपा आहे: दोलक शून्याच्या वर असला की पैसा आत, खाली गेला की बाहेर.

उंबरठा: अर्धं बरोबर. तुम्ही सांगताय ते चायकिन मनी फ्लो या त्याच्याच दुसऱ्या निर्देशकाला जास्त लागू पडतं. ऑसिलेटर म्हणजे रोजच्या जमा-वजेतून बनणाऱ्या संचय-वितरण रेषेच्या ३ दिवसांच्या ईएमएतून, म्हणजे ताज्या दिवसांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीतून, १० दिवसांचा ईएमए वजा. म्हणून मला 'संवेग'पेक्षा 'वेग' पटतो. समजा रेषा रोज ६० हजारांनी चढतेय. काही दिवसांनी दोलक २ लाख १० हजारांवर स्थिरावतो. आवक रोज २० हजारांवर आली की तो हळूहळू ७० हजारांपर्यंत उतरतो. रेषा मात्र अजून चढतेच आहे! म्हणून दोलक शून्याच्या वर राहून उतरत असला, तरी माल अजून गोळा होत असू शकतो, फक्त चाल मंदावलेली. त्यानंतर रेषा रोज १० हजारांनी घसरू लागली, तरी दोलक सातव्या दिवशी कुठे शून्याखाली जातो. शून्य ओलांडणं ही रेषा वळल्याची उशिरा आलेली पावती.

शेवगा: म्हणजे मी फसलो ते असं! भाव १२० वर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी १०४ ला उघडला, १०० ते ११० मध्ये फिरून १०८ ला थांबला. दोलक शून्याच्या वर आला, मी घेतला, आणि भाव पडतच गेला.

उंबरठा: तुमची गोष्ट वेगळी आहे. ही रेषा कालचा बंद भाव बघतच नाही. १०८ हा तळापासून ८ वर आणि माथ्यापासून २ खाली. फरक ६, त्याला दिवसाच्या १० च्या पट्ट्याने भागलं की ०.६. त्या दिवशी १ लाख शेअरचा व्यवहार झाला असेल, तर रेषेत ६० हजार जमा. भाव १२ ने पडला, हे तिच्या हिशेबात कुठेच नाही. भाव कालच्या बंदपासून असा मोठ्या गॅपने उघडला, तर त्यानंतरचं शून्य ओलांडणं मी तरी धरत नाही.

कवडसा: पण मग 'वेग' म्हटलं तर वाचक भावाचा वेग समजेल.

उंबरठा: तो धोका आहे खरा. 'संचयरेषेचा वेग' असं पूर्ण लिहावं.

तांबडीमाती: 'संचयरेषा' म्हटलं की माल सोडण्याची बाजूच गळते. मला नाही पटत. आणि 'दोलक' तरी चालेल का? घड्याळाचा लंबक ठरलेल्या हद्दीत झुलतो, याला तर वरखाली हद्दच नाही.