मदत हवी आहे: सोसायटीच्या हिशोबाला एक्सेल पुरेल का?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमची ३२ सदनिकांची सोसायटी आहे आणि यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली आहे. आधीच्या काकांची एक्सेल फाइल मिळाली: सदनिकांच्या ओळी, महिन्यांचे रकाने आणि मेंटेनन्सचा दर वर एका सेलमध्ये.

एप्रिलपासून दर १५०० वरून १८०० झाला, म्हणून मी तो सेल बदलला. झालं! जानेवारी ते मार्चचे पूर्ण पैसे भरलेल्या सभासदांच्याही नावावर ९०० रुपये थकबाकी दिसू लागली, कारण जुने महिनेही त्याच सेलवरून मोजले जात होते. एक आजी पावत्यांची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा कळलं.

आता दोन शीट केल्यात. 'Magani'मध्ये दरमहा प्रत्येक सदनिकेची एक ओळ, रक्कम त्या वेळच्या दराने आकडा म्हणूनच लिहिलेली. 'Jama'मध्ये प्रत्येक पावतीची एक ओळ, त्यामुळे अर्धवट भरलेले पैसेही नीट बसतात. दोन्हींत A सदनिका, C रक्कम. तिसऱ्या शीटवर बाकी:

```
=SUMIFS(Magani!C:C,Magani!A:A,A2)-SUMIFS(Jama!C:C,Jama!A:A,A2)
```

पण सदनिका क्रमांक चुकीचा टाकला तर ती पावती गुपचूप हिशोबाबाहेर राहते. शिवाय सेक्रेटरींकडे वेगळी प्रत आहेच. लिब्रेऑफिस बेसमध्ये अस्तित्वात नसलेली सदनिका नाकारता येते, पण पुढच्या खजिनदाराला ते झेपेल का?

कुणी बेस वापरलंय? की एक्सेलमध्येच डेटा व्हॅलिडेशन लावून भागेल?