फोटो ‘तिरका’ आला म्हणजे नेमके काय? ‘कललेला’ आणि ‘निमुळता’ यांतला फरक

मेधा: जुन्या इमारतींची आणि जुन्या मासिकांची छायाचित्रे काढणाऱ्या आमच्या गटासाठी मी मराठीत सूचना लिहीत आहे. ‘तिरका आलेला फोटो फिरवून सरळ करावा’ असे लिहिले, तर एका सदस्याने मुंबईच्या टाउन हॉलचा फोटो तसा फिरवला आणि त्यात डावी भिंत उभी झाली, पण उजवी आणखीच आत झुकली. एकाच शब्दाखाली दोन वेगळे दोष येत आहेत, हे उघड आहे. त्यांना वेगळे शब्द कोणते वापरावेत?

सुहास: मला दोन शब्दांची गरज वाटत नाही. इमारतीची एखादी आडवी रेघ, उदाहरणार्थ पायरीची कड, आडवी करून घेतली की बाकीचे आपोआप जागेवर येते. समुद्राच्या फोटोत आपण क्षितिजरेषेचे हेच करतो.

विनायक: समुद्राबाबत सुहासरावांचे म्हणणे बरोबर आहे, कारण क्षितिज तिरके दिसते ते कॅमेरा एका बाजूला कलल्यामुळेच. चार हजार पिक्सेल रुंदीच्या फोटोत एका अंशाचा कल असला, तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ सत्तर पिक्सेलचा फरक पडतो आणि तो डोळ्याला लगेच खटकतो. पायरीचे तसे नाही. आपण इमारतीच्या अगदी समोर नसून थोडे बाजूला उभे असू, तर पायरीची कड फोटोत उतरती दिसणे हेच योग्य असते. ती बळजबरीने आडवी केली, तर भिंती कलतात.

मेधाताईंच्या सदस्याच्या फोटोतला दोष निराळा आहे. पायऱ्यांच्या तळाशी उभे राहून कॅमेऱ्याचे तोंड वर केले, की इमारतीचा माथा तळापेक्षा दूर जातो, म्हणून लहान उमटतो आणि दोन्ही भिंती वर एकमेकींकडे झुकतात. ओळखायची खूण सोपी आहे: दोन्ही भिंती एकाच दिशेला सारख्याच झुकल्या असतील तर फोटो ‘कललेला’ आहे आणि फिरवून भागते, त्या एकमेकींकडे झुकल्या असतील तर तो ‘निमुळता’ आहे, आणि तिथे माथा ताणून रुंद करावा लागतो. गवंड्याच्या भाषेत पहिला फोटो पाणसळीत नाही आणि दुसरा ओळंब्यात नाही. सूचनांत मी हेच शब्द वापरीन.

टाउन हॉलबाबत एक गोष्ट मात्र सांभाळावी. १८३३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीचे डोरिक खांब मुळातच वर बारीक होत जातात. खांबाची कड ओळंब्यात आणायला गेलात, तर इमारत वर फाकते. म्हणून भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट किंवा खांबाची मध्यरेषा धरावी.

रेवती: माझा प्रश्न इमारतीचा नाही. मी मासिकाच्या पानांचे फोनने फोटो काढते. चारही कोपरे ओढून पान चौकोनी करते, तरी अक्षरे मूळ पानापेक्षा बसकी दिसतात. हाही निमुळतेपणाच का?

विनायक: निमुळतेपणा गेला, पण प्रमाण चुकले. पान गुण्यात आले, म्हणजे कोपरे काटकोनी झाले, तरी मूळ पान किती उंच होते हे फोटो आपोआप सांगत नाही. फूटपट्टीने पान मोजा. समजा ते १४ गुणिले २१.५ सेंटिमीटर आहे आणि फोटोत ते सरासरी २३०९ पिक्सेल रुंद व ३३५० उंच दिसते. तेच प्रमाण ठेवले, तर अक्षरे सुमारे सहा टक्के रुंद होतात. म्हणून संगणकावरच्या ImageMagick या फोटो सुधारण्याच्या प्रोग्रॅमला खालील आज्ञेतून मापाच्या प्रमाणातला आयत द्यावा. प्रत्येक जोडीत आधी फोटोतला कोपरा आणि मग त्याची नवी जागा:

```
magick pan.jpg -distort Perspective \
 '412,210 0,0  2580,240 2100,0  2700,3590 2100,3225  250,3560 0,3225' \
 -crop 2100x3225+0+0 +repage saral.jpg
```

यात कलही निघतो, त्यामुळे आधी वेगळे फिरवू नये. दोनदा फिरवाफिरव केली की अक्षरांच्या कडा मऊ पडतात.

रेवती: मोजून पाहिले, अक्षरे मूळ पानासारखी आली. पण शिलाईजवळच्या ओळी अजून वाकड्याच आहेत.

विनायक: तिथे कागदच वळलेला आहे. चार कोपरे सपाट पानालाच पुरतात. पानावर काच ठेवून फोटो पुन्हा काढणे हा खरा उपाय. मासिकाची शिलाई कमकुवत असेल तर तोही करू नये.

मेधा: ‘कल’ आणि ‘निमुळतेपणा’ मी घेते. पण चित्रकलेतला ‘यथार्थदर्शन’ हा शब्द इथे चालेल का?

सुहास: मला तो खटकतो. वर निमुळती होत गेलेली इमारत यथार्थदर्शनाला धरूनच असते. मग ‘यथार्थदर्शन सुधारणे’ म्हणजे जे बरोबर आहे तेच बदलणे होईल. शिवाय भिंती पूर्णपणे ओळंब्यात आणल्या, की उंच इमारत मला वर जड वाटते. मी थोडा निमुळतेपणा ठेवीन.

विनायक: शब्दाबद्दल मी सहमत आहे. निमुळतेपणा ठेवण्याबाबत नाही, निदान नोंदीसाठी काढलेल्या फोटोत तरी नाही. तिथे खिडक्यांची रुंदी खालपासून वरपर्यंत ताडून पाहता आली पाहिजे.