मदत हवी आहे: सायकलींच्या लांब्यांचा गुणाकार केला, ऑर्डर चुकली

गोदाकाठ_टीवाय: नाशिकला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काल क्लास टेस्टमध्ये दोन परम्युटेशनची ऑर्डर विचारली होती.

(1 3 5 2)(4 6 7 8 9 10)
(1 2 3 4)(4 5 6 7 8 9)

दोन्हींना मी 4 × 6 = 24 लिहिलं, दोन्ही चूक. पण पहिलं 24 वेळा लावलं तर सगळे आकडे जागेवर येतात, हे मी करून पाहिलंय. मग चुकलं कुठे?

कॉलेजरोड_मित्र: गुणाकार नको, लसावि घे. 4 आणि 6 चा लसावि 12. दोन्हींचं उत्तर 12.

फळा_खडू: पहिल्याचं 12 बरोबर, दुसऱ्याचं नाही.

पहिल्यात दोन्ही सायकली एकमेकींच्या आकड्यांना हात लावत नाहीत. पहिली दर 4 वेळांनी जागेवर येते, दुसरी दर 6 वेळांनी. 6 वेळा लावून बघ: दुसरी जागेवर आलेली असेल, पण 1 मात्र 5 वर असेल. दोघी एकदम जागेवर येतात त्या पहिल्यांदा 12 व्या वेळी. 24 ला पुन्हा येतात, म्हणूनच तुझा पडताळा जुळला. ऑर्डर म्हणजे त्यातली सगळ्यात लहान संख्या.

दुसऱ्यात 4 दोन्हींकडे आहे, त्यामुळे लसाविचा नियम लागूच होत नाही. आधी गुणाकार सोडव. उजवीकडची सायकल आधी लावायची. 3 उजवीकडे हलत नाही, डावीकडे 4 होतो. 4 उजवीकडे 5 होतो, आणि 5 ला डावी सायकल हलवत नाही. 9 आधी 4 होतो, मग 1. सगळी मिळून एकच सायकल बनते, (1 2 3 4 5 6 7 8 9). ऑर्डर 9.

गोदाकाठ_टीवाय: सर, आमच्याकडे डावीकडून लावतात.

फळा_खडू: तसं केलंस तर (1 2 3 5 6 7 8 9 4) येईल. सायकल वेगळी, लांबी तीच 9.

सातपूर_शिफ्ट: आमच्या कंपनीत अगदी हेच चालतं! नऊ मशीन, नऊ माणसं. दर सोमवारी आधी सहा मशीनची फिरकी, मग चारची, एक मशीन दोन्हींत. मी बाराव्या आठवड्याला जुन्या मशीनवर येईन म्हणून बसलो होतो, आलो नवव्यालाच. आता रचना बदलली, आठच मशीन, त्यात दोन सामाईक. आता किती आठवडे?

कॉलेजरोड_मित्र: एक सामाईक असताना 4 + 6 − 1 = 9, मग दोन असताना 8 असणार.

गोदाकाठ_टीवाय: मी (1 2 3 4)(3 4 5 6 7 8) उजवीकडून सोडवलं. (1 2 3)(4 5 6 7 8) आलं. या दोन सुट्या आहेत, म्हणजे लसावि 15?

फळा_खडू: बरोबर, 15. पण दुसऱ्या सायकलीत 3 आणि 4 ची अदलाबदल कर, (1 2 3 4)(4 3 5 6 7 8). आता 4 जागेवरच राहतो आणि उरलेल्या सात जणांची एक सायकल होते, ऑर्डर 7. म्हणून दादा, किती मशीन सामाईक एवढ्यावरून सांगता येणार नाही. दोन्ही फिरक्यांत ती दोन मशीन कोणत्या क्रमाने येतात?

सातपूर_शिफ्ट: ते पाठ नाही. उद्या नाइटला गेलो की चार्ट बघून इथेच लिहितो.