‘राम राम’च्या उत्तराखाली बटणं द्यावीत का?

सेलूकर : आमच्या शेतकरी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर कुणी ‘राम राम’ टाकलं की आपोआप उत्तर जातं. पुढं माणूस गप्पच. म्हणून त्याखाली तीन बटणं टाकायलोत : आजचा भाव, बियाणे, पीक विमा. बरोबर राहील का?

गोदाकाठ : बिनधास्त टाका. इथं काय विचारलेलं चालतं हेच लोकांना कळत नाही. माझी आई ‘भाव’ एवढं लिहायला कीबोर्डवर ‘भ’ हुडकत बसते आणि शेवटी फोन ठेवून देते. बटण असलं की एका बोटात काम.

जिंतूर रोड : मला तर ‘मराठीसाठी दोन दाबा’चाच वैताग आहे. माणूस द्या बाबांनो!

गोदाकाठ : ते फोनचं झालं हो. इथं बटण सोडून लिहिताही येतं.

हिंगोली ४३१५१३ : लिहिता येतं, पण लिहीत कुणी नाही, खरी गोम तिथंच. 2024 च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली तेव्हा अशाच एका नंबरचं काम मी बघत होतो. पिकाचं नुकसान 72 तासांत कळवायचा नियम तेव्हा होता. बटणावर ‘पिकाच्या नुकसानीची सूचना’ हवं होतं. पण मर्यादा 20 अक्षरांची, आणि काना, मात्रा, हलन्त, मोकळी जागा सगळं वेगळं मोजलं जातं. ते भरलं 24. मग कुणीतरी नुसतं ‘पीक विमा’ ठेवलं. सोयाबीन पाण्यात असलेला माणूस ते दाबायचा आणि त्याला हप्ता कसा भरायचा याची माहिती जायची. माणसाला वाटायचं, आपण कळवलं. नोंदीत बघितलं तर सगळं सुरळीत, कारण बटण तर दाबलेलं होतं!

तुळजाई : मग तीनच कशाला? दहा द्या.

हिंगोली ४३१५१३ : बटणं तीनच बसतात. दहा पर्याय यादीत देता येतात, पण यादी आधी उघडावी लागते. बुजणारा माणूस तिथंच थांबतो. ‘पीक नुकसानीची सूचना’ 19 मध्ये बसतं, तेवढं करा. आणि बटणांच्या वर एक ओळ टाका : ‘यात नसेल तर बोलून पाठवा.’

गोदाकाठ : बोलून पाठवलेलं ऐकणार कोण? कंपनीत एकच पोरगा, तोही काट्यावर.

हिंगोली ४३१५१३ : तर मग विम्याचं बटणच काढा. अर्धवट उत्तरापेक्षा कृषी सहायकाचा नंबर दिलेला बरा.

गोदाकाठ : ते उचलतात का पण?

सेलूकर : भाव आणि बियाण्याची दोन टाकतो. बटण दाबल्यावर माणूस परत ‘राम राम’ टाकतो का, तेवढं नोंदीत बघत जाईन. विम्याचं पोराला विचारून सांगतो.

तुळजाई : जुन्या मेसेजमधलं बटणही नंतर दाबता येतं बरं का. भाव त्या दिवशीचा जातो की आजचा, ते तपासा.