पोहून आल्यावर भयंकर भूक लागते, काय करू? (सोलापूर)

स्मिता_सोलापूर: पोहून आले की दिसेल ते खात सुटते. चालायला जायचे तेव्हा असं होत नव्हतं. वजन उतरावं म्हणून पोहायला लागले आणि काटा वरच चाललाय. लवकर सांगा.

मंगेश७२: दिसेल ते म्हणजे काय? कधी पोहता? आधी काही खाता का?

दाजी: लगेच कोरा चहा घ्या, भूक मरते. मी तेच करतो.

स्मिता_सोलापूर: पहाटे सहा ते पावणेसात, उपाशीपोटी. रात्रीचं जेवण आठलाच होतं. येताना गाड्यावर दोन वडापाव, घरी परत पोहे.

वैशाली_आहार: ताई, आठ ते पावणेसात म्हणजे जवळजवळ अकरा तास पोट रिकामं. त्यात गार पाणी. पळताना अंग तापतं आणि भूक थोडा वेळ दबते. तलावात पाणी ती उष्णता ओढून घेतं. एका प्रयोगात तीच माणसं २० आणि ३३ अंशांच्या पाण्यात सायकल चालवून आली, तर गार पाण्यानंतर सुमारे ४४ टक्के जास्त जेवली. तुमच्या तलावाचं पाणी सध्या कसं आहे?

स्मिता_सोलापूर: उतरताना दात वाजतात.

वैशाली_आहार: मग जाण्याआधी अर्धा तास एक केळं खा. बाहेर आल्यावर कोमट पाण्याने अंघोळ, अंग कोरडं, स्वेटर, आणि पाणी प्या. थोडं चालून अंगात ऊब आली की मग खा. नाश्ता आधीच ठरवलेला हवा: एक ज्वारीची भाकरी, दोन अंडी, वाटीभर दही. शेंगाचटणी चमचाभरच, त्यात तेल भरपूर. साठ किलोच्या बाईचे पाऊण तास मध्यम वेगाने पोहून साधारण पावणेतीनशे कॅलरी जातात. दोन वडापावांत त्याहून जास्तच परत येतात.

मंगेश७२: पाण्यात घाम येत नाही, पाणी कशाला प्यायचं?

वैशाली_आहार: येतो, फक्त जाणवत नाही. तहानही कधीकधी भुकेसारखी वाटते. पण दाजी, नुसत्या चहाने भूक तासभर पुढे जाते आणि दुपारी दुप्पट जेवण होतं.

दाजी: माझं तर होत नाही बुवा. मी उन्हाळ्यातच पोहतो म्हणा.

रेश्मा_के: क्लोरीनने केस राठ होतात, टोपी कुठली घ्यावी?

मंगेश७२: केसांचा वेगळा धागा काढा. वैशालीताई, सगळा दोष गारव्याचाच का? माझा मुलगा मे महिन्यातही पोहून आला की हाणतो.

वैशाली_आहार: वाढत्या वयाच्या पोराचं वेगळं. बाकी, कोमट पाण्यातही काहींना पोहल्यावर जास्त भूक लागते. त्याचं नेमकं कारण अजून पक्कं नाही. स्मिताताई, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे का? पोहून हात थरथरणं, दरदरून घाम येणं असं होत असेल तर वाट बघत चालू नका, लगेच साखर खा आणि डॉक्टरांना विचारा.

स्मिता_सोलापूर: नाही, शुगर नाही. उद्या केळं खाऊन जाते. भाकरी रात्रीची चालेल का? सकाळी थापायला वेळ नसतो.

वैशाली_आहार: चालेल की.