शब्दचर्चा: भाषणाच्या वेळेसाठी 'मिनिटाला शब्द' की आणखी काही?

तळटीप: आठ मिनिटांचं भाषण लिहिते आहे. मिनिटाला 130 शब्द हा आकडा बऱ्याच ठिकाणी वाचला होता, म्हणून 1,040 शब्द लिहिले. मोठ्याने वाचलं तर साडेदहा मिनिटं लागली! आता कापायला बसले आहे. पण प्रश्न शब्दाचाही आहे. सूचनापत्रकात मी 'शब्दमर्यादा' लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली की मर्यादा म्हणजे ओलांडायची नाही ती रेघ, आणि मला तर गाठायचा आकडा सांगायचा आहे. मग काय म्हणावं?

उंबरठा: 'श.प्र.मि.' म्हणा की, रूढ आहे. टंकलेखनाच्या परीक्षेत मी 40 ला पास झालो होतो. तुमचे 130 कसे काय होतात?

तळटीप: अहो, टंकलेखन नाही, बोलणं.

उंबरठा: मग ठीक. मी म्हटलं, बोटं आहेत की काय!

मधला स्वर: 'उच्चारगती' छान वाटतो. नेमका आणि सुटसुटीत.

पाणपोई: सुटसुटीत आहे, पण इथे चुकेल. उच्चारगती मोजताना मधले थांबे वगळतात, म्हणजे तोंड प्रत्यक्ष चालू असतानाचाच वेग. सभेतल्या घड्याळात थांबेही धरले जातात. म्हणून मी साधं 'बोलण्याचा वेग' म्हणते, आणि गाठायच्या आकड्याला 'शब्दांचं लक्ष्य'.

तुमचा घोळ मात्र नावाचा नाही, 130 चा आहे. तो आकडा इंग्रजीच्या अंदाजाने आला असणार. 'ग्रंथालयासमोर' हा आपल्याकडे एक शब्द. तेवढंच सांगायला इंग्रजीत पाच सुटे शब्द लागतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतात, त्यामुळे आपला शब्द लांब आणि मिनिटात मावणारे शब्द कमी. 1,040 ला साडेदहा मिनिटं लागली ना? म्हणजे तुमचा वेग मिनिटाला 99. आता तोच धरायचा.

आठही मिनिटं मात्र धरू नका. व्यासपीठावर जाणं, संबोधन, एखादा हशा, यांसाठी पाऊण मिनिट सोडा. सव्वासात गुणिले 99, म्हणजे साधारण 720 शब्द.

मधला स्वर: मग सरळ अक्षरंच मोजावीत. शब्द लहानमोठे असतात, अक्षर त्यामानाने स्थिर.

पाणपोई: तत्त्वतः पटतं. पण संगणकाची मोजणी अक्षरांची नसते. 'स्त्री' हे आपल्या कानाला एक अक्षर, तिथे जोडाक्षरातले पाय मोडून आणि वेलांटी धरून सहा चिन्हं भरतात. हाताने मोजायची तयारी असेल तर मोजा.

मधला स्वर: तरी एकाच माणसाच्या दोन मसुद्यांची तुलना करायला ती चिन्हंही चालतील, असं मला वाटतं.

उंबरठा: आणि आकडे? 1947 हा संगणकाला एक शब्द, तोंडाला 'एकोणीसशे सत्तेचाळीस'. आमच्या अहवालवाचनात दर वेळी याच्यामुळेच उशीर होतो. हे तरी बरोबर आहे ना?

पाणपोई: अगदी बरोबर. मोजण्याआधी आकडे आणि संक्षेप अक्षरी लिहून घ्यावेत.

तळटीप: (दोन दिवसांनी) 720 वर आणलं. 'खरं म्हणजे', 'आपणा सर्वांना ठाऊकच आहे' वगैरे सगळं उडवलं, प्रत्येक वाक्य थोडं थोडं तासलं. आणि वाचायला लागली सात मिनिटं पन्नास सेकंद! सव्वासात व्हायला हवी होती. मोजणी चुकली का?

पाणपोई: मोजणी नाही चुकली, वेग बदलला. 720 भागिले सात मिनिटं पन्नास सेकंद, म्हणजे मिनिटाला 92. 'आपणा सर्वांना ठाऊकच आहे' जिभेवरून घरंगळत जातं. ते काढल्यावर राहिले जड शब्द, आणि एकामागोमाग महत्त्वाची वाक्यं आली की आपण आपसूक हळू बोलतो. म्हणून कापल्यावर वेग पुन्हा मोजावा लागतो. सव्वासात गुणिले 92 म्हणजे 667. अजून पन्नासेक शब्द काढा, पण आता तासू नका. एक आख्खा दाखला किंवा एक उपमुद्दा उचलून बाजूला ठेवा, म्हणजे उरलेल्याची लय तशीच राहील.

मधला स्वर: यावर माझं दुमत. काही 'खरं म्हणजे' परत घाला. श्रोत्याला श्वास घ्यायला जागा लागते.

पाणपोई: श्वासाला शब्द कशाला? थांबा घ्यावा.

मधला स्वर: थांबा घ्यायला धीटपणा लागतो. नवख्याला पोकळ शब्दच आधार देतात.

तळटीप: मी नवखीच आहे, त्यामुळे दोन ठेवले आणि दुसरा दाखला पूर्ण काढला. उभं राहून वाचलं: सात मिनिटं अठरा सेकंद. पत्रकात 'शब्दांचं लक्ष्य' लिहिलं आहे. मैत्रिणीला 'लक्ष्य' शब्द नेमबाजीचा वाटतो. 'अपेक्षित शब्दसंख्या' कसं वाटेल?

उंबरठा: सरकारी.